फोटोवरची तारीख, शिक्का आणि वॉटरमार्क: मॉडेल पहिल्या उत्तरात काय सांगतं आणि काय गाळतं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंदूरमधल्या रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांतल्या मराठी घरांमधले अल्बम आमचा एक छोटा गट स्कॅन करतो. प्रत्येक फोटोचं पहिलं वर्णन चित्र वाचणाऱ्या मॉडेलकडून लिहून घेतो आणि मग घरातल्या मोठ्यांकडून तपासून घेतो. या कामात सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते फोटोतल्या माणसांबद्दल नाहीत, फोटोवर उमटलेल्या अक्षरांबद्दल आहेत. तेच इथे घेतले आहेत.

फोटोच्या कोपऱ्यात तारीख छापलेली असेल तर मॉडेल ती सांगतं की नाही?

बहुतेकांना वाटतं की दोनच शक्यता आहेत: सांगेल, नाहीतर दुर्लक्ष करेल. प्रत्यक्षात तीन आहेत, आणि सगळा घोळ तिसरीत आहे.

पहिली म्हणजे सरळ उल्लेख. उजव्या खालच्या कोपऱ्यात नारिंगी अंक आहेत आणि ते असे दिसतात, असं मॉडेल लिहितं. दुसरी म्हणजे पूर्ण दुर्लक्ष. ओसरी, माणसं, साड्यांचे रंग सगळं येतं, पण अंकांचा पत्ता नसतो. तिसऱ्या प्रकारात मॉडेल अंक वाचतं, पण वाचले हे सांगत नाही. 'मार्च १९९४ मधला कौटुंबिक फोटो' असं वाक्य येतं आणि ही तारीख कोपऱ्यातून आली की कपड्यांवरून अंदाज केला, हे कळायला मार्ग उरत नाही. वहीत उतरवताना ती तारीख पक्की होऊन बसते.

दुर्लक्ष झालं तर नुकसान थोडं, कारण अंक फोटोवर आहेतच, कोणीतरी पाहील. गुपचूप वापरलेली तारीख मात्र वर्णनातून शोधून काढणं अवघड जातं.

एखादं उदाहरण सांगाल का?

आमच्याच घरातला एक फोटो घेऊ. दाराशी आकाशकंदील, उंबऱ्यापाशी रांगोळी, आजी काठाला धरून पणत्यांचं ताट सांभाळते आहे. खालच्या कोपऱ्यात नारिंगी अंक आहेत: `11 3 '94`. नुसतं 'या फोटोचं वर्णन कर' म्हटल्यावर पहिल्या उत्तरात ११ मार्च १९९४ अशी तारीख आली, आणि पुढच्याच वाक्यात सणासुदीची सजावट असल्याचं लिहिलं होतं. दोन्ही वाक्यं शेजारी, पण एकाचं दुसऱ्याशी काही भांडण नाही.

मार्चमध्ये आकाशकंदील कोण लावतं? आपल्याकडे मार्चमध्ये गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक निघते. अंक दुसऱ्या क्रमाने वाचले, आधी महिना मग दिवस, तर ३ नोव्हेंबर १९९४ होते, आणि त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. कॅमेरा अमेरिकेहून दिवाळीला आलेल्या आत्येभावाचा, त्यामुळे क्रम तिकडचा.

हा अंदाज रोलमधल्या दुसऱ्या फोटोने पक्का केला. त्याच रोलच्या शेवटी स्टेशनवर निरोप देतानाचा एक फोटो आहे, त्यावर `11 14 '94` आहे. चौदावा महिना नसतो, म्हणजे पहिला अंक महिन्याचाच. एका रोलमध्ये मध्येच कोणी क्रम बदलत नाही, म्हणून असा एक फोटो सापडला की सगळा रोल सुटतो. मॉडेलला मात्र एकच फोटो दिसत होता. त्याने दिवस आधी धरला हा त्याचा गुन्हा नाही, आपल्यापैकी कोणीही तसंच वाचलं असतं. तारीख दोन प्रकारे वाचता येते हे न सांगता एकच अर्थ ठामपणे लिहिला, ही तक्रार आहे.

याच रोलमध्ये आणखी एक गंमत निघाली. नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणं लावतानाच्या फोटोवर `11 1 '94` आहे. त्या वर्षी नरकचतुर्दशी २ नोव्हेंबरला होती. मग एक दिवस मागे कसा? कॅमेऱ्याचं घड्याळ शिकागोच्या वेळेवरच राहिलं होतं. नोव्हेंबरात तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असते, म्हणजे इथे २ तारखेच्या पहाटेचे सहा वाजतात तेव्हा तिथे १ तारखेची संध्याकाळ असते. लक्ष्मीपूजनाचा फोटो संध्याकाळचा, म्हणून त्याची तारीख योगायोगाने बरोबर आली. एकाच कॅमेऱ्याने, एकाच रोलवर, सकाळचे फोटो चुकीचे आणि संध्याकाळचे बरोबर. फोटोत हे कुठेच दिसत नाही, त्यामुळे कोणत्याही मॉडेलकडून ही अपेक्षा नको. म्हणूनच 'फोटोवर असं छापलं आहे' आणि 'फोटो या तारखेचा आहे' ही दोन वाक्यं आम्ही नेहमी वेगळी ठेवतो.

हे अंक मुळात छापले कसे जायचे?

रोलच्या कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणात छोटं घड्याळ असायचं आणि ते मागच्या बाजूने थेट फिल्मवर प्रकाशाने अंक उमटवायचं. वर्ष-महिना-दिवस, महिना-दिवस-वर्ष, दिवस-महिना-वर्ष, दिवस आणि तास-मिनिटं, किंवा काहीच नाही, असे पर्याय एका बटणावर फिरायचे. चौथा पर्याय चुकून लागलेला असेल तर `3 19:20` असं दिसतं. त्यात वर्ष नसतंच, पण काही वेळा उत्तरात १९२० साल अवतरतं.

सेल बदलला की घड्याळ पुन्हा सुरुवातीच्या तारखेवर जायचं. त्यामुळे सलग बरेच फोटो एखाद्या वर्षाच्या १ जानेवारीचे दिसले आणि त्यात लोक सुती सदऱ्यात पन्हं पीत बसलेले असले, तर ती तारीख सोडून द्या. डिजिटल कॅमेऱ्यांतही हाच प्रकार असतो.

कधी तारीख येते, कधी येत नाही. तोच फोटो, तेच मॉडेल. असं का?

आधी आकार बघा. ४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला की लांब बाजू ३६०० पिक्सेलची होते. कागदावर अंकांची उंची साधारण २ मिलिमीटर धरली तर स्कॅनमध्ये ती सुमारे ४७ पिक्सेल भरते. एवढं कोणीही वाचेल. पण मॉडेलपर्यंत चित्र याच आकारात पोचेल असं नाही. बहुतेक यंत्रणा आधी ते लहान करून घेतात, आणि किती लहान हे प्रत्येकीचं वेगळं. लांब बाजू १५०० वर आणली तर अंक २० पिक्सेलचे उरतात, ७६८ वर आणली तर १० चे. दहा पिक्सेलमध्ये 3, 8 आणि 6 एकमेकांत मिसळतात. ३३६ वर आणलं तर चार-पाच पिक्सेलचा नारिंगी डाग उरतो, त्याला तारीख म्हणणंच कठीण.

म्हणजे मूळ स्कॅन देता की व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत देता, यावर पहिलं उत्तर बदलतं. शिवाय अंक कशावर पडले आहेत तेही बघावं. पांढऱ्या धोतरावर किंवा पणतीच्या उजेडावर नारिंगी अंक विरघळतात.

याला उपाय साधा आहे: कोपरा कापून, मोठा करून वेगळा द्या. कापलेल्या तुकड्यात तारीख नीट वाचली गेली आणि पूर्ण फोटोत नाही, तर अडचण नजरेची होती, सवयीची नव्हती.

पण वॉटरमार्क तर केवढा मोठा असतो. तरीही उल्लेख नसतो, तो का?

इथे सवयीचा भाग येतो. ही मॉडेलं चित्र आणि त्याच्या सोबतचा मजकूर अशा असंख्य जोड्यांवरून शिकलेली असतात. इंटरनेटवर विक्रीच्या फोटोखाली 'पावसात छत्री घेतलेली मुलगी' असं लिहिलेलं असतं. मधोमध आडवं पसरलेलं विक्रेत्याचं नाव कोणी वर्णनात लिहीत नाही, कारण लिहिणाऱ्याला ते फोटोचा भाग वाटत नाही. शिकणाऱ्यानेही तेच उचललं: ही अक्षरं दिसली तरी बोलायची नसतात.

मात्र न बोलणं म्हणजे परिणाम न होणं नव्हे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनी चित्र-ओळख पद्धत तपासली होती. ती घोडे छान ओळखत होती. खोलात गेल्यावर कळलं की प्रशिक्षणातल्या घोड्यांच्या बऱ्याच फोटोंवर, कोपऱ्यात एका संकेतस्थळाचं नाव छापलेलं होतं, आणि ती पद्धत घोड्याऐवजी ते नाव बघत होती. तेच नाव मोटारीच्या फोटोवर चिकटवलं तर मोटारीचाही घोडा व्हायचा. आजची मॉडेलं त्याहून पुष्कळ शहाणी आहेत, पण कोपऱ्यातल्या अक्षरांनी उत्तर झुकतं ही गोष्ट संपलेली नाही.

मॉडेलने राजवाडा ओळखला की खालची पट्टी वाचली, हे कसं समजायचं?

हल्लीच्या फोटोंवर जीपीएस कॅमेऱ्याची काळी पट्टी असते: पत्ता, अक्षांश-रेखांश, वार, वेळ, कोपऱ्यात छोटा नकाशा. ठेकेदार, सर्वेक्षणवाले, शाळेतले मास्तर सगळे तसलेच फोटो काढतात. असा फोटो दिला की 'इंदूरच्या राजवाड्यासमोरचं दृश्य' असं झकास उत्तर येतं आणि आपण खूश होतो.

पट्टी कापून पुन्हा नव्याने विचारा. जुन्याच संभाषणात नको, नाहीतर मॉडेलला आधीचं आठवतच असतं. सात मजली दरवाजा नीट दिसत असेल तर बहुधा राजवाडाच येईल. पण पागनीसपागेतल्या एखाद्या गल्लीचा फोटो असेल तर 'भारतातल्या एका शहरातली जुनी वस्ती' एवढंच उरेल. मग आधीचं उत्तर पट्टीवरचं होतं.

याच्या उलटही करून बघता येतं. एका प्रतीत पट्टीवरचा पत्ता बदलून ग्वाल्हेरचा टाका. राजवाडा समोर असतानाही उत्तर ग्वाल्हेरला गेलं, तर हे मॉडेल डोळ्यांपेक्षा अक्षरांवर जास्त विश्वास ठेवतं हे कळलं. हे पट्टीवरचे पत्ते फोनने जे ठिकाण दिलं त्यावर चालतात. घरात, दाट बाजारात ते दोन गल्ल्या इकडेतिकडे दाखवतात, आणि काही ॲपमध्ये हाताने बदलताही येतात.

एक सांगावंसं वाटतं. घरच्या फोटोवर अशी पट्टी असेल तर मॉडेल पहिल्याच उत्तरात घराचा पूर्ण पत्ता वर्णनात ओतून देऊ शकतं. आम्ही पट्टीवाले फोटो ठिकाणाची नोंद हाताने करून, पट्टी कापूनच पुढे देतो.

जुन्या कागदांवरच्या गोल शिक्क्यांचं काय?

गुणपत्रिका, दाखले, अर्ज यांवर चिकटवलेल्या फोटोवर अर्धा शिक्का फोटोवर आणि अर्धा कागदावर मारायची पद्धत होती, फोटो बदलता येऊ नये म्हणून. पुढे तो फोटो उपटून अल्बममध्ये गेला की त्याच्या गालावर जांभळा चंद्रकोरीसारखा शिक्का उरतो. मॉडेल त्याला काही वेळा डाग म्हणतं, काही वेळा फोटो खराब झालाय म्हणतं. वर्णनापुरतं ते चालून जातं.

घोटाळा होतो तो अर्ध्या अक्षरांचा. शिक्क्यावर '…लय, इंदौर' एवढंच उरलं असेल तर मागे विद्यालय, कार्यालय, चिकित्सालय काहीही असू शकतं. मॉडेल त्यातलं सगळ्यात संभवनीय घेऊन पूर्ण नाव लिहून टाकतं, आणि ते इतकं नैसर्गिक वाटतं की शंकाच येत नाही. गोलाईत फिरलेली देवनागरी, फुटलेली शिरोरेषा आणि जोडाक्षरं असली की हे जास्तच होतं. म्हणून शिक्क्यांपुरता आमचा नियम कडक आहे: जेवढी अक्षरं भिंगातून माणसाला दिसतात तेवढीच नोंदवायची.

स्टुडिओचे शिक्के वेगळे. ते पुठ्ठ्यावर रंगाशिवाय, नुसते उठावाने मारलेले असत. सपाट स्कॅनरच्या उजेडात असा ठसा जवळजवळ नाहीसा होतो, मग मॉडेलला तो दिसणार कुठून? खिडकीपाशी तिरप्या उजेडात एक वेगळा फोटो काढून जोडा, आणि पाठीमागची बाजूही स्कॅन करा. हे कष्ट वाया जात नाहीत. राजा दीनदयाळ यांनी कॅमेरा हाती घेतला तो इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला असताना, १८७० च्या दशकात. अशा छायाचित्रकारांच्या फोटोंच्या खालच्या काठावरचं नाव किंवा क्रमांक हाच बऱ्याचदा फोटोचा मुख्य पुरावा असतो. तिथे 'खाली काही अस्पष्ट अक्षरं आहेत' म्हणून मोकळं होणारं वर्णन आमच्या उपयोगाचं नाही.

म्हणजे मॉडेलने प्रत्येक वेळी पहिल्या उत्तरात हे सगळं सांगायलाच हवं?

नाही. 'काकूंनी नेसलेली साडी कोणत्या प्रकारची?' असं विचारल्यावर आधी कोपऱ्यातल्या फोनच्या जाहिरातवजा अक्षरांवर दोन ओळी आल्या तर वैताग येतो. तिथे गप्प बसणंच शहाणपणाचं.

माझ्या मते उल्लेख तीन वेळी हवाच. प्रश्न तारीख, ठिकाण किंवा अस्सलपणाबद्दल असेल तेव्हा. अक्षरांमुळे चेहरा किंवा मजकूर झाकला गेला असेल तेव्हा. आणि उत्तरातली एखादी माहिती त्या अक्षरांवरूनच घेतली असेल तेव्हा. यातली तिसरी वेळ सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त चुकवली जाणारी. काही परीक्षांच्या अर्जात फोटोखाली नाव आणि फोटो काढल्याची तारीख छापायला सांगतात. अशा फोटोत ती पट्टी हाच विषय असतो, तिथे ती गाळून 'निळ्या पार्श्वभूमीवरचा तरुण' असं लिहिणं निरुपयोगी आहे.

पहिल्या उत्तरात आलं नाही तर दुसऱ्यांदा विचारता येईल ना?

येईल, पण कसं विचारता ते बघा. 'तारीख काय आहे?' असं विचारलं की प्रश्नातच तारीख असल्याचं गृहीत धरलेलं असतं, आणि कोरा कोपरा असलेल्या फोटोवरही तारीख मिळू शकते. 'फोटोवर कुठे छापलेला मजकूर आहे का? नसेल तर नाही म्हण' हे बरं. शंका असेल तर ज्यावर खात्रीने काही नाही असा एक फोटो मुद्दाम मध्ये घालून बघा.

दुसरं म्हणजे शेकडो फोटो एका दमात चालवताना दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही. तक्त्यात जातं ते पहिलंच उत्तर.

मग पहिल्यांदाच काय लिहून द्यायचं?

आम्ही वापरतो तो मजकूर असा:

```
१. फोटोवर छापलेली, शिक्क्याची किंवा हाताने लिहिलेली
   सगळी अक्षरं आणि अंक जसेच्या तसे लिही, जागेसह.
   न दिसणाऱ्या अक्षराच्या जागी [?] लिही. नसतील तर "नाही".
२. त्यानंतर फक्त दृश्याचं वर्णन कर. भाग १ मधली
   माहिती इथे वापरू नकोस.
३. भाग १ आणि भाग २ जुळत नसतील तर तसं सांग.
```

तिसरी ओळ नंतर घातली ती वरच्या दिवाळीच्या फोटोसारख्या प्रकारांसाठी. अंक मार्च सांगतात, दृश्य दिवाळी सांगतं, एवढं कळलं तरी तपासणाऱ्याचं निम्मं काम होतं. भाग २ मध्ये तारीख अधूनमधून झिरपतेच, त्यामुळे वाचल्याशिवाय पुढे पाठवू नका.

फाइलच्या आत तारीख असते म्हणतात. मॉडेल ती बघतं का?

साधारणपणे मॉडेलला फक्त चित्र मिळतं, फाइलची आतली नोंद नाही. ती exiftool या साधनाने आपणच बघायची:

```
exiftool -DateTimeOriginal -CreateDate photo.jpg
```

जुन्या फोटोच्या स्कॅनमध्ये इथे तारीख मिळालीच तर बहुधा ती स्कॅन केल्याची असते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीत ही नोंद सहसा उरतच नाही.

लग्नाच्या फोटोंवर फोटोग्राफरचा वॉटरमार्क आहे. तो काढून मग वर्णन घेऊ का?

वर्णनासाठी काढायची गरज नाही. शिवाय कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५ब हक्कांची माहिती जाणूनबुजून, परवानगीशिवाय काढून टाकण्याबद्दल आहे, आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. दुसरी बाजू अशी की पैसे देऊन आपल्या सांगण्यावरून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. म्हणजे वॉटरमार्कवरचं नाव फोटो कोणी काढला ते सांगतं, मालक कोण हे नाही. फोटोग्राफरकडे वॉटरमार्क नसलेली प्रत मागा, हा सरळ रस्ता. मॉडेलने वर्णनात वॉटरमार्कवरून 'हा अमुक स्टुडिओच्या मालकीचा फोटो' असं लिहिलं असेल तर ते वाक्य खोडा.

न दिसणारे वॉटरमार्क मॉडेलला दिसतात का?

वर्णन करताना नाही. गूगलच्या सिंथआयडीसारख्या खुणा पिक्सेलमध्ये अशा मिसळलेल्या असतात की त्या ओळखायला खास त्यांच्यासाठी बनवलेलं साधन लागतं. 'वॉटरमार्क नाही' असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ दिसणारा वॉटरमार्क सापडला नाही, एवढाच घ्या. जुन्या अल्बममध्ये हा प्रश्न येत नाही, पण हल्ली घरोघरी आजोबांचे फोटो मॉडेलकडून रंगीत आणि लखलखीत करून घेतले जातात. अशी प्रत आमच्याकडे द्यायची असेल तर मूळ कृष्णधवल फोटोही सोबत द्या. रंगवताना कोपऱ्यातले अंक पुन्हा रेखले जातात आणि त्यात 3 चा 8 झालेला असतो.